जुळलं, जुळलं, चारदा जुळलं: नव्या खजिनदारासाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका गृहनिर्माण संस्थेच्या नव्या खजिनदारासाठी आहे. म्हणजे ज्यांना सभेत ‘तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला काय अवघड’ असं म्हणून टाळ्यांच्या गजरात बिनविरोध निवडून दिलं आणि दुसऱ्या दिवशी जुन्या खजिनदारांनी एक पेन ड्राइव्ह हातावर ठेवून चार्ज दिला, त्यांच्यासाठी. हिशेबाचं शिक्षण असण्याची गरज नाही. नसेल तर पहिल्या काही पायऱ्या अधिक आनंदात पार पडतात.

साहित्य फार लागत नाही. दोन स्टेटमेंटं लागतात. एक बँकेचं, नेट बँकिंगमधून उतरवलेलं. दुसरं आपल्याच संस्थेचं, आपल्या हिशेबनीसाने सॉफ्टवेअरमधून काढून दिलेलं. दोन्हींच्या डोक्यावर ‘बँक स्टेटमेंट’ असंच छापलेलं असतं, त्यामुळे कोणतं कोणाचं हे पहिल्याच दिवशी पेन्सिलीने लिहून ठेवा. बँक आपल्या खात्यात पैसे आले की ते क्रेडिटला दाखवते आणि आपला हिशेबनीस तेच पैसे डेबिटला दाखवतो. दोघंही बरोबर असतात. यावर वाद घालत बसू नका, जमेच्या रकमा दोन्हीकडून उचला आणि पुढे चला.

एक्सेलच्या एकाच फाइलमध्ये दोन शीट करा, `Book` आणि `Bank`. दोन्हींत A कॉलमला तारीख, B ला तपशील, C ला रक्कम. खरी फाइल शेकडो ओळींची असेल, पण आपण शिकण्यापुरत्या पाचच घेऊ. साल 2025, महिना एप्रिल, मेंटेनन्स दरमहा 3,200 रुपये. मोठ्या फ्लॅटला 4,100. आपल्या वहीत, म्हणजे `Book` मध्ये, पुढच्या नोंदी आहेत:

```
ओळ  तारीख   तपशील          रक्कम
2   2/4    101, यूपीआय     3200
3   3/4    204, चेक        3200
4   5/4    302, यूपीआय     3200
5   5/4    103, एनईएफटी    4100
6   8/4    401, यूपीआय     3200
```

आणि बँकेने हे पाठवलं आहे:

```
ओळ  तारीख   तपशील       रक्कम
2   2/4    यूपीआय      3200
3   5/4    यूपीआय      3200
4   5/4    एनईएफटी     4100
5   8/4    यूपीआय      3200
6   8/4    यूपीआय      3200
```

बँकेच्या तपशिलात अजून बरीच अक्षरं आणि आकडे असतात. ते निरुपयोगी दिसतात म्हणून नवशिके आधी तेच पुसून टाकतात. तुम्ही पुसू नका, का ते पुढे येईल.

पायरी पहिली: फॉर्म्युला लिहा आणि समाधानी व्हा

`Book` च्या D2 मध्ये लिहा:

```
=MATCH(C2,Bank!$C$2:$C$6,0)
```

आणि खाली ओढा. कुठेही `#N/A` आलं नाही, म्हणजे आपली प्रत्येक रक्कम बँकेत सापडली. पाचपैकी पाच. दोन्हींची बेरीज करून पाहा: इकडे 16,900, तिकडे 16,900. ओळीही पाच-पाच. आता अध्यक्षांना फोन करून ‘साहेब, एप्रिल टॅली झाला’ असं सांगा. अध्यक्ष म्हणतील, ‘बघा, मी म्हटलं नव्हतं, यांना दोन मिनिटांचं काम आहे.’ मे महिन्याचंही काम तुमच्याकडे कायम झालं.

(काहींच्या बाबतीत पहिल्याच फटक्यात सगळीकडे `#N/A` येतं. त्यांनी खचून जाऊ नये. बँकेच्या फाइलमधल्या रकमा बहुतेक आकडे नसून अक्षरं असतात. ‘3,200.00’ हे दिसायला आकडा, पण कडेला एखादी अदृश्य स्पेस घेऊन बसलेलं. MATCH आकड्याला आकडाच मागतो, अक्षरातला 3200 त्याला चालत नाही. रकमा आकड्यांत बदलून घ्या. खजिनदाराच्या दृष्टीने ही अवस्था फार चांगली आहे, कारण इथे निदान काहीतरी बिघडलं आहे हे दिसतं.)

फॉर्म्युल्याच्या शेवटचं शून्य विसरू नका. किंवा खऱ्या अर्थाने सुखी व्हायचं असेल तर विसरा. शून्य असेल तर MATCH तंतोतंत तीच रक्कम शोधतो. काहीच लिहिलं नाही तर तो यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं धरून चालतो आणि मागितलेल्या रकमेइतकी किंवा तिच्याखालची जवळची रक्कम शोधून देतो. आपली यादी तारखेने लावलेली, रकमेने नव्हे. त्यामुळे उत्तर काहीही येतं, पण येतं. 3,300 मागितले तरी 3,200 दाखवून मोकळा.

पायरी दुसरी: उत्तर वाचण्याचा मोह झालाच तर

बहुतेक मार्गदर्शिका पहिल्या पायरीवर संपतात. पण समजा, फोन ठेवल्यावर सहज म्हणून D कॉलमकडे लक्ष गेलं. तिथे वरून खाली असं दिसतं: 1, 1, 1, 3, 1.

हे आकडे म्हणजे जागा आहेत. आपली रक्कम बँकेच्या यादीत वरून कितवी सापडली, एवढंच MATCH सांगतो. (1 म्हणजे शीटमधली ओळ 2, कारण यादी दुसऱ्या ओळीपासून सुरू झाली.) तो यादीच्या डोक्यापासून निघतो, पहिला 3,200 दिसला की तिथेच थांबतो आणि परत येतो. पुढच्या ओळीसाठी पुन्हा डोक्यापासून निघतो, पुन्हा त्याच 3,200 पाशी थांबतो. ‘ही ओळ मघाशी दुसऱ्याला दिली आहे’ अशी नोंद तो कुठेही ठेवत नाही. एसटीत चार प्रवाशांना एकाच सीटचं आरक्षण मिळावं आणि कंडक्टरने चौघांचीही तिकिटं तपासून ‘बरोबर आहे’ म्हणावं, असा हा प्रकार. तिकीट प्रत्येकाचं खरंच बरोबर आहे.

थोडक्यात, 101, 204, 302 आणि 401 हे चारही फ्लॅट बँकेच्या 2 एप्रिलच्या एकाच ओळीला चिकटले आहेत. बँकेत 3,200 ची ती एकच ओळ असती, तरी उत्तर हेच आलं असतं. वहीत शंभर फ्लॅटचे 3,200 लिहून ठेवले असते, तरी शंभरही ‘जुळले’ असते. आणि आपल्याकडे अडचण अशी की संस्थेत सगळ्यांना सारखीच रक्कम भरायची असते. दुकानदाराच्या स्टेटमेंटमध्ये एखादी रक्कम दोनदा आली तर तो योगायोग, संस्थेच्या स्टेटमेंटमध्ये एखादी रक्कम एकदाच आली तर चौकशी करावी लागते.

VLOOKUP वापरून पाहाल, तर तोही पहिल्यापाशीच थांबतो. नव्या एक्सेलमधला XMATCH खालून वर शोधायला सांगता येतो. मग चौघंही पहिल्याऐवजी शेवटच्या ओळीला चिकटतात. बदल म्हणून बरं वाटतं.

खोटं पकडायची खूण मात्र सोपी आहे आणि ती उत्तरातच असते. D मध्ये एकच जागा दोनदा आली की तिथे घोळ आहे. दूरच्या एखाद्या मोकळ्या कॉलममध्ये हे लिहा:

```
=COUNTIF($D$2:$D$6,D2)
```

चार ओळींसमोर 4 येईल, 4,100 च्या ओळीसमोर 1. ज्या ओळीसमोर एकाहून मोठा आकडा आला, ती ‘जुळली’ असं म्हणायचा अधिकार आपल्याला अजून मिळालेला नाही. पाचपैकी पाच जुळले असं अध्यक्षांना सांगितलं होतं, खात्रीने जुळलेली ओळ आहे एक. फोन परत करायचा की नाही, हा प्रत्येकाच्या स्वभावाचा प्रश्न आहे.

पायरी तिसरी: रकमांना क्रमांक द्या आणि पुन्हा समाधानी व्हा

आता एखादा जाणकार मित्र तुम्हाला ‘हेल्पर कॉलम’ शिकवील. युक्ती खरोखर चांगली आहे. प्रत्येक 3,200 ला त्याचा नंबर द्यायचा: पहिला 3,200, दुसरा 3,200, तिसरा 3,200. मग पहिल्याने पहिल्याशी जुळायचं, दुसऱ्याने दुसऱ्याशी. दोन्ही शीटच्या E2 मध्ये लिहा आणि खाली ओढा:

```
=TEXT(C2,"0.00")&"|"&COUNTIF(C$2:C2,C2)
```

यातलं सगळं मर्म एका डॉलरच्या चिन्हात आहे. `C$2:C2` मध्ये सुरुवात खिळलेली आहे आणि शेवट मोकळा आहे, म्हणून फॉर्म्युला खाली ओढला की मोजायचा पल्ला एकेका ओळीने वाढतो आणि आकडा 1, 2, 3 असा चढतो. हौसेने दोन्हीकडे डॉलर लावलेत तर चारही 3,200 ना 1 च मिळेल, चारही ओळींची खूण एकच होईल आणि आपण अधिक लांबच्या रस्त्याने पहिल्या पायरीवर परत येऊ.

आता रकमेऐवजी या खुणा जुळवा:

```
=MATCH(E2,Bank!$E$2:$E$6,0)
```

उत्तर येतं: 1, 2, 4, 3, 5. प्रत्येक जागा एकदाच, कुणी कुणाच्या सीटवर नाही. आता खरोखर वाटतं की झालं.

हा फॉर्म्युला काय सिद्ध करतो ते पाहा. वहीत 3,200 चार वेळा आहे आणि बँकेतही चार वेळा आहे, एवढंच. संख्या जुळली. कोणाची कोणाशी, ते त्याने ठरवलेलं नाही. त्याने फक्त रांगेतल्या क्रमाने जोड्या लावल्या. जोड्या एकेक करून वाचा. 101 चे 2 तारखेचे पैसे बँकेत 2 तारखेला, ठीक. 204 चा 3 तारखेचा चेक बँकेत 5 तारखेला आला, तोही दोन दिवसांत वटला असेल, ठीक. 302 ने 5 तारखेला यूपीआयने भरले आणि बँकेत 8 तारखेला आले. इथे थांबा. यूपीआयचे पैसे तीन दिवस वाटेत कुठे मुक्कामाला थांबत नाहीत. मागे वळून 204 ची जोडी पुन्हा पाहा. वहीत चेक लिहिलेला आहे, बँकेच्या तपशिलात यूपीआय. चेक लिहून दिलेला माणूस बँकेत यूपीआय होऊन उगवत नाही.

म्हणजे 204 चा चेक बँकेत आलेलाच नाही. त्याची जागा 302 च्या पैशांनी घेतली, आणि 302 ला बँकेतली अशी एक ओळ मिळाली जिची आपल्या वहीत नोंदच नव्हती. वहीत एक नोंद जास्त, बँकेत दुसरीच एक नोंद जास्त, दोन्ही 3,200 च्या. म्हणून बेरीज जुळली, ओळींची संख्या जुळली आणि क्रमांकही जुळले. चुका दोन असल्या आणि एकाच रकमेच्या असल्या, की त्या एकमेकींना झाकतात. यापुढे कुणी ‘बेरीज टॅली आहे ना, मग झालं’ असं म्हणालं, तर त्याला संस्थेची किल्ली देऊ नका.

बँकेतली ती जास्तीची ओळ नसती तर? तर क्रमांकाच्या युक्तीने एक `#N/A` नक्की दाखवलं असतं. पण कुणासमोर? चौथ्या 3,200 समोर, म्हणजे 401 समोर. आपण मोठ्या आत्मविश्वासाने 401 ला थकबाकीची नोटीस धाडली असती, 401 मधल्या बाई मोबाइल नाचवत खाली आल्या असत्या, ‘अहो, हा बघा स्क्रीनशॉट, आठ तारखेचाच आहे!’ आणि त्यांचंच बरोबर असतं. रांगेच्या मधलं माणूस गळलं तरी फॉर्म्युला शेवटच्या माणसाला गैरहजर ठरवतो. किती कमी आहेत ते तो बरोबर सांगतो, कोण कमी आहे ते सांगताना बोट भलतीकडे दाखवतो. थकबाकीदारांची यादी जिन्याखालच्या फलकावर लावायची असेल, तर हा फरक लहान नाही.

पायरी चौथी: ते निरुपयोगी आकडे

बँकेच्या तपशिलातली लांबलचक अक्षरं पुसू नका म्हटलं होतं, ती आता कामाला येतात. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला 12 आकडी संदर्भ क्रमांक असतो. एनईएफटीचा यूटीआर 16 अक्षरी असतो, आरटीजीएसचा 22 अक्षरी. चेकचा नंबर सहा आकडी. रक्कम हजार जणांची सारखी असू शकते, हा क्रमांक नसतो. एका व्यवहाराला दुसऱ्यापासून वेगळं करणारी यापेक्षा बरी गोष्ट स्टेटमेंटमध्ये नाही.

तेव्हा `Book` मध्ये F कॉलम उघडा आणि पावती करताना सभासदाने दिलेला संदर्भ क्रमांक त्यात लिहा. लिहिण्याआधी तो कॉलम टेक्स्ट म्हणून ठरवून घ्या. नाहीतर 12 आकडी क्रमांक एक्सेल `5.09E+11` असा काहीतरी शास्त्रीय करून दाखवतं, आणि 004512 या चेकची पुढची दोन शून्यं फालतू समजून काढून टाकतं. मग G2 मध्ये:

```
=IF(F2="","",MATCH("*"&F2&"*",Bank!$B$2:$B$6,0))
```

तारकांचा अर्थ, हा क्रमांक तपशिलात कुठेही असला तरी चालेल, मागेपुढे काहीही असो. सुरुवातीचा `IF` अनावश्यक वाटतो, पण काढून पाहाच. ज्या ओळीत संदर्भ क्रमांक लिहायचा राहिला, तिथे शोधायला उरतात फक्त दोन तारका. त्यांचा अर्थ ‘काहीही चालेल’. MATCH ला बँकेच्या यादीतली पहिलीच ओळ पसंत पडते आणि ज्याने क्रमांक दिलाच नाही तो सभासद सगळ्यात आधी जुळतो. चेकचा नंबर शून्यं गाळून 4512 एवढाच लिहिलात तर तोही एखाद्याच्या 12 आकडी यूपीआय क्रमांकाच्या पोटात सापडू शकतो. म्हणून चेक नेहमी सहा आकड्यांत लिहा. तपशिलाची लांबी तोडणाऱ्या बँकाही असतात. तिथे क्रमांकाचं शेपूट गायब होतं आणि खरी जोडीही `#N/A` दाखवते. ते चालेल. हाताने पाहायला लागणं हे खोटं जुळण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

आपल्या पाच ओळींचं उत्तर आता असं येतं: 1, `#N/A`, 2, 3, 5. म्हणजे 101, 302, 103 आणि 401 आपापल्या जागी, आणि 204 उघड्यावर. तीन पायऱ्या सगळं काही आलबेल होतं, चौथ्या पायरीला पहिल्यांदा काहीतरी बिघडलेलं दिसलं. ही प्रगती आहे.

पण हे फक्त आपल्या बाजूने झालं. बँकेतली कोणती ओळ कुणाच्याच वाट्याला आली नाही, ते बँकेच्या शीटवरूनच विचारावं लागतं. तिथे पुन्हा MATCH लावू नका, तो तिथूनही तेवढ्याच प्रेमाने खोटं बोलेल. `Bank` च्या H2 मध्ये एवढंच विचारा, की या ओळीवर किती जणांनी हक्क सांगितला:

```
=COUNTIF(Book!$G$2:$G$6,ROW()-1)
```

1 आलं तर ओळ मार्गी लागली. 2 किंवा जास्त आलं तर खोटी जुळणी. 0 आलं तर पैसे आले आहेत पण आपल्या वहीत त्यांचा मालक नाही. (`ROW()-1` मधला एक म्हणजे वरची शीर्षकाची ओळ. शीर्षकाला दोन ओळी दिल्यात तर पल्ल्यांची सुरुवात आणि हा आकडा, दोन्ही बदला.) आपल्या पाच ओळींत 1, 1, 1, 0, 1 येतं. चौथी ओळ बेवारस आहे: 8 एप्रिल, यूपीआय, 3,200. याच तारखेला, याच रकमेची, 401 ची ओळ तिच्या लगेच खाली आहे. तपशिलात पाठवणाऱ्याचं नाव पाहा. बाईंनी पैसे पाठवले, चक्र फिरत राहिलं, ‘पेंडिंग’ आलं, म्हणून पुन्हा पाठवले. दोन्ही पोचले. स्क्रीनशॉट त्यांनी दुसऱ्याचा दिला, हिशेबनीसाने एकच पावती फाडली.

पायरी पाचवी: उरलेल्यांशी सावकाश बोला

खऱ्या फाइलमध्ये चौथ्या पायरीनंतरही बरेच उरतात, कारण संदर्भ क्रमांक न देणारा सभासद हा संस्थेचा कणा आहे. या उरलेल्यांसाठी, आणि फक्त उरलेल्यांसाठी, रक्कम आणि तारीख वापरावी. पण जुळवण्यासाठी नव्हे, उमेदवार मोजण्यासाठी. ‘वहीतल्या तारखेपासून तीन दिवसांत, या रकमेच्या, अजून कुणी हक्क न सांगितलेल्या ओळी बँकेत किती?’ एवढंच विचारायचं:

```
=COUNTIFS(Bank!$C$2:$C$6,C2,
  Bank!$A$2:$A$6,">="&A2,
  Bank!$A$2:$A$6,"<="&A2+3,
  Bank!$H$2:$H$6,0)
```

शून्य आलं तर पैसे आलेले नाहीत. दोन किंवा जास्त आलं तर डोळ्यांनी पाहा. एक आलं तर बहुधा तोच, तरी तपशील वाचून घ्या. 204 च्या चेकसाठी 0 येतं. हे बरोबर उत्तर आहे.

आता गंमत म्हणून 3 च्या जागी 5 घाला. सुट्ट्या मध्ये येतात, चेकला वेळ लागतो, म्हणून लोक हे अगदी सद्भावनेने करतात. 3 तारीख अधिक पाच म्हणजे 8. लगेच 1 येतं आणि 401 च्या बाईंचे दुसऱ्यांदा गेलेले पैसे 204 च्या खात्यावर जमा करायची सगळी तयारी होते. तारखेची मुभा पुरेशी वाढवली की या जगात काहीही कशाशीही जुळतं. ऑडिटर येण्याच्या आदल्या रात्री ही मुभा फार भराभर वाढते, असा सर्वत्र अनुभव आहे. अशा वेळी वाचवणारी एकच गोष्ट म्हणजे प्रकार पाहणं: वहीत चेक असेल तर बँकेतही चेकच हवा.

जुळलेल्या ओळींचे फॉर्म्युले काम झालं की पुसून त्यांच्या जागी नुसती किंमत चिकटवा. पुढच्या महिन्यात कुणी बँकेची शीट रकमेने क्रमवार लावली, तर सगळ्या जागा बदलतात आणि एप्रिलचं टॅली झालेलं पत्रक जूनमध्ये आपोआप नवीन जोड्या लावतं. तेव्हा सगळे तुमच्याकडे पाहतात.

आता दोन कामं

एक्सेल इथे संपलं, उरलेलं पायी करायचं आहे. 401 चे जादा आलेले 3,200 आगाऊ मेंटेनन्स म्हणून त्यांच्या खात्यावर जमा करा, दुसरी पावती द्या आणि मे महिन्याच्या बिलात वजा दाखवा. त्या स्वतःहून विचारायला येईपर्यंत थांबायचं हा संस्थांमधला जुना रिवाज आहे, तो मोडला तरी चालेल.

204 च्या काकांना फोन करायच्या आधी मात्र ऑफिसचं कपाट उघडा. ‘अहो, तुमचा चेक आला नाही’ म्हटलं की ते म्हणणार, ‘तीन तारखेला वॉचमनकडे दिलाय मी, तुमच्या वहीत पण आहे की!’ आणि ते खरं आहे. चेक हातात आला त्या दिवशी हिशेबनीसाने तो वहीत चढवला, बँकेत भरायचा राहिला. तो बहुधा पावती पुस्तकाच्या शेवटच्या पानात किंवा कालबाह्य नोटिसांच्या फाइलमध्ये निघेल. निघाला की त्याच दिवशी भरा. 1 एप्रिल 2012 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने आहे. 3 एप्रिलचा चेक जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर बँक घेणार नाही, आणि काकांकडून नवा चेक मागायला वर जावं लागेल. 204 दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद आहे.